स्कूटरचा व्हेरिएटर उघडला: घासलेले रोलर आणि घसरणारा बेल्ट कसा ओळखायचा (प्रकल्प नोंदी)

९ नोव्हेंबर २०२४

ताईची स्कूटर घेतलीय हातात. ११० सीसी, गिअरलेस, मीटरला २७,४०० किमी, बेल्ट बदलल्याची कुठेच नोंद नाही. ती रोज साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढून शाळेत जाते, आणि तिची तक्रार साधी आहे: "अरे, गाडी नुसती ओरडते, पळत नाही. आधी सपाटीला ८० जायची, आता ६८ च्या वर काही केल्या जात नाही, आणि घाटात मधेच आवाज वाढतो पण वेग आहे तेवढाच." सर्व्हिसला दोनदा दिली, कार्ब्युरेटर साफ, प्लग नवा, एअर फिल्टर नवा, फरक शून्य. इंजिनात दम आहे हे चालवल्यावर लगेच कळतं, थ्रॉटल दिला की ते पटकन फिरतं. म्हणजे दम चाकापर्यंत पोचत नाहीये, आणि इंजिन ते चाक यांच्यामध्ये आहे सीव्हीटी, म्हणजे दोन पुल्या आणि त्यांच्यावरचा बेल्ट मिळून आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा. त्यातली इंजिनाकडची पुढची पुली म्हणजेच व्हेरिएटर.

उघडण्याआधी मला आकडे हवेत. कारण कव्हर काढलं की सगळंच काळं आणि घासलेलं दिसतं, मग माणूस सगळंच बदलतो आणि नक्की काय खराब होतं ते कधी कळत नाही. म्हणून प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर लावला (स्वस्तात मिळतो, गाडीची वायर कुठे कापावी लागत नाही) आणि वेगासाठी मोबाईलचं जीपीएस. गाडीचं स्पीडोमीटर थोडं जास्तच दाखवतं, त्यावर गणित करायचं नाही.

१० नोव्हेंबर

सकाळी ट्रॅफिक नसताना सपाट रस्त्यावर गेलो. स्थिर ५० किमीला आरपीएम ५६५०. स्थिर ६० ला ६८०० च्या आसपास. आता हे आकडे भागून बघा: दोन्ही वेळा एका किमी वेगामागे साधारण ११३ आरपीएम येतात. हा आकडा दोन्ही वेगाला तोच येणं फार महत्त्वाचं आहे. बेल्ट सपाटीवर घसरत असता तर जोर वाढेल तशी घसरण वाढली असती, म्हणजे ६० ला हा आकडा ५० पेक्षा मोठा आला असता. तसं नाही. म्हणजे सपाटीला बेल्ट धरतोय, फक्त गाडी एका छोट्या गिअरमध्ये अडकलीय आणि त्याच्यापुढे जात नाहीये. शेजारच्यांची हीच गाडी आहे, कमी चाललेली, ती तासभर मागून घेतली आणि त्याच रस्त्यावर त्याच मीटरने बघितलं: ५० ला ४७००. म्हणजे किमीमागे ९४. ताईची गाडी त्याच वेगाला २० टक्के जास्त फिरतेय. २० टक्के जास्त फिरायला लागलं की ८० ची गाडी ६७-६८ ला संपणार, आणि ताई नेमकं तेच सांगतेय.

मग घाट. इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. घाटात सीव्हीटी आपोआप खालच्या गिअरला येतो, मागच्या पुलीतली उतरती खाच (टॉर्क कॅम) जोर आला की मागची पुली आवळते आणि बेल्ट पुढच्या पुलीत खाली ओढला जातो. त्यामुळे चढावर आवाज वाढला आणि वेग वाढला नाही म्हणजे बेल्ट घसरतोय असं लगेच म्हणता येत नाही, नवी कोरी गाडीसुद्धा तेच करते. घसरणं म्हणायचं तर सगळ्यात खालच्या गिअरला जेवढं व्हायला हवं त्याच्याही वर आरपीएम जायला पाहिजे. ती मर्यादा काढता येते आणि ती मी कव्हर उघडल्यावर पुल्या मोजून काढणार आहे. आज फक्त नोंद करतो: यवतेश्वरच्या एका चढाच्या वळणावर, मागे ताई बसलेली, फुल थ्रॉटल, वेग २४, आरपीएम ६७००. म्हणजे किमीमागे २७९. खड्ड्यावरून गेलो की आकडा क्षणभर आणखी वर उडायचा आणि परत खाली यायचा, आणि वर पोचल्यावर जळक्या रबराचा वास.

१६ नोव्हेंबर

कव्हर काढलं. ८ नंबरचे बोल्ट, लहान-मोठे आहेत, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवले. आत भरपूर काळी धूळ. थोडी धूळ सगळ्याच गाड्यांत असते, पण इथे कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर थर होता. ही धूळ फुंकायची नाही आणि कॉम्प्रेसरने उडवायची पण नाही, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची, त्यात रबराबरोबर क्लच शूचा चुरा पण असतो. हवा आत घेणारा फोम पण बघितला, लाल मातीने पार बुजलेला. कासच्या रस्त्याची माती ती. पुढच्या पुलीला पंख्याची पाती असतात आणि आतला बेल्ट त्याच हवेवर थंड राहतो, फोम बुजला म्हणजे बेल्ट बंद खोलीत तापत राहतो, रबर कडक होतं आणि कडक रबराची पकड जाते.

सुटे भाग काढायच्या आधी एक गोष्ट केली आणि ही कोणालाही करता येईल. पुढच्या पुलीचं जे बाहेरचं, पात्यांचं तबक आहे, त्याच्या बेल्टकडच्या बाजूला पर्मनंट मार्करने मधल्या भागापासून कडेपर्यंत सरळ रेघ मारली. नीट पुसून, तेल काढून मगच, नाहीतर रेघ धरत नाही. कव्हर परत लावलं, सपाटीवर एक चक्कर, जितकी पळते तितकी पळवली, परत उघडलं. बेल्ट जिथपर्यंत चढतो तिथपर्यंतची रेघ पुसली जाते. ताईच्या गाडीत कडेपासून पुरते ५ मिमी रेघ शाबूत राहिली. बेल्ट नीट असेल तर तो जवळपास कडेपर्यंत येतो, मिलीमीटरभर उरतं. म्हणजे बेल्ट पुढच्या पुलीत ४ मिमी कमी चढतोय. सगळा प्रश्न आता एवढाच: हे ४ मिमी कोणी खाल्ले?

१७ नोव्हेंबर

पुढची पुली उघडली. नट काढायला पुली धरायचा होल्डर वापरला, पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून काढतात लोक आणि मग पाती तुटतात, मग पुली असंतुलित होऊन सगळं क्रँक थरथरतं. तसं करू नका.

ज्यांनी आतलं कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढच्या पुलीचे दोन तबक असतात, एक स्थिर, एक सरकतं. सरकत्या तबकाच्या पाठीत सहा उतरत्या खोबण्या (रॅम्प) असतात, प्रत्येकीत एक रोलर, आणि पाठीमागून त्यांना एक पत्रा अडवून धरतो. क्रँक फिरला की रोलर बाहेर फेकले जातात, रॅम्पवरून वर जाताना तबकाला ढकलतात, दोन तबकं जवळ येतात आणि मधला तिरक्या कडांचा बेल्ट पिळला जाऊन वर चढतो. झाला गिअर मोठा. रोलरवर किती जोर येतो ते एकदा काढून बघा, १२ ग्रॅमचा रोलर, मध्यापासून ३५ मिमीवर, ६००० आरपीएम: साधारण १६६ न्यूटन, म्हणजे १७ किलोच्या वजनाएवढा दाब. एका रोलरवर. सहांचे मिळून १०० किलो, आणि ते सगळं नायलॉनच्या पातळ थरावर.

आता रोलर का झिजतात, याचं कारण मला सांगायचंय, कारण "जुने झाले म्हणून" एवढंच सगळीकडे ऐकायला मिळतं. रोलर एका बाजूने रॅम्पला आणि दुसऱ्या बाजूने पत्र्याला टेकलेला असतो. बाहेर जाताना त्याला दोन्ही पृष्ठांवरून बाहेरच जायचंय. रॅम्पवर लोळायचं तर त्याला एका दिशेने फिरावं लागेल आणि पत्र्यावर लोळायचं तर बरोबर उलट दिशेने. दोन्ही एका वेळी होऊच शकत नाही. म्हणून तो कुठल्या ना कुठल्या पृष्ठावर घासतच सरकतो, प्रत्येक वेळी, नवा असला तरी. एकदा का एका जागी जरा चपटं झालं की तो त्या चपट्या बाजूवर बसतो, फिरायचं अजून कमी करतो, आणि तिथेच अजून घासतो. त्यात एका सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक स्फोटाला क्रँकला झटका, तो झटका रोलर एकाच जागी बारीक ठोकत राहतो. ताईचं रोजचं चालवणं म्हणजे घाटात ३० च्या आसपास, म्हणजे रोलर वर्षानुवर्षं रॅम्पच्या त्याच मधल्या भागात बसलेले.

काढलेले रोलर बघून खात्री पटली. सहाच्या सहा चपटे, सगळ्यात वाईटावरचा सपाट पट्टा ७ मिमी रुंद, चकचकीत, कडेला नायलॉनची बारीक लव फुटलेली. व्हर्नियरने मोजला: गोल बाजूने १६.०, चपट्या बाजूने १५.२. व्हर्नियर फिरवत फिरवत मोजायला लागतं हं, एकाच जागी लावला तर गोल बाजू सापडते आणि रोलर चांगला वाटतो. हातात धरून काचेवर हळू लोळवला तरी कळतं, नवा सरळ जातो, हा टक टक करत थांबतो.

आणि हे बघा. सोनाराच्या वजनकाट्यावर हे रोलर ठेवले. नव्या सेटमधला रोलर आणि हा सगळ्यात चपटा, दोघांच्या वजनात फरक ०.०६ ग्रॅम. गणितानेही तेवढाच येतो, ०.८ मिमी खोल आणि १३ मिमी लांब असा नायलॉनचा तुकडा असतोच केवढा, वजन सगळं आतल्या धातूत आहे. गॅरेजमध्ये नेहमी ऐकतो, "रोलर घासून हलके झाले म्हणून गाडी ओरडते." वजन कुठे गेलेलंच नाही. गेलाय तो व्यास. तबकाला ढकलायला जी जाडी हवी ती कमी पडते, तबक पूर्ण बाहेर येत नाही, बेल्ट पूर्ण चढत नाही. म्हणून मेकॅनिकने नुसतं हातात उचलून "वजन बरोबर आहे, चालतील" म्हटलं तर ऐकायचं नाही, व्यास मोजायला लावायचा.

१८ नोव्हेंबर

बेल्ट. नव्याची वरची रुंदी १८.४ मिमी, जुन्याची १७.४. एक मिलीमीटर. ऐकायला काहीच नाही, पण पुलीचा उतार बघा. बेल्टच्या दोन बाजूंमधला कोन साधारण २८ अंश, म्हणजे प्रत्येक तबक १४ अंशांनी तिरकं. १४ अंशांच्या टॅन्जंटची किंमत ०.२५. रुंदी १ मिमी कमी झाली की प्रत्येक बाजूला अर्धा मिमी, ०.५ भागिले ०.२५, बेल्ट २ मिमी खाली बसणार. रोलरचंही तेच: तबक १ मिमी कमी सरकलं तर बेल्ट २ मिमी कमी चढणार. रोलर ०.८ मिमी खाल्लेला, रॅम्पमध्ये पण थोडी खाच पडलीय (त्याबद्दल पुढे), दोन्ही मिळून साधारण १ मिमी. बेल्टचे २ आणि रोलर-रॅम्पचे २. चार मिलीमीटरचा हिशेब लागला.

त्या ४ मिमीचा गिअरवर परिणाम: माझ्या मोजमापाने पूर्ण चढल्यावर पुढे बेल्टची त्रिज्या ४६ हवी आणि मागे ४२, भागाकार ०.९१. बेल्टची लांबी ठरलेली, पुढे ४ कमी झाले की मागे ४ जास्त राहणार, म्हणजे पुढे ४२ मागे ४६, भागाकार १.१०. दोघांमधला फरक २० टक्के. रस्त्यावर मीटरने जे दाखवलं होतं बरोबर तेच. मला ह्या जुळण्याचा खरंच फार आनंद झाला, कारण आता अंदाजाने काही बदलायचं नाहीये.

घासलेल्या बेल्टची आणखी एक बाजू आहे. उभ्या गाडीत मागची पुली स्प्रिंगने पूर्ण बंद असते आणि बेल्ट तिच्या कडेला वर बसलेला असतो. नव्या बेल्टची पाठ कडेच्या बरोबरीने किंवा किंचित वर दिसते, जुना आत बुडालेला दिसतो. सुरुवातीला मागची त्रिज्या जितकी मोठी तितका उचलायचा जोर जास्त. ती कमी झाली म्हणजे सिग्नलवरून निघतानाचा पिकअपही गेला. चपटे रोलर वरचा वेग खातात आणि मधे गाडी अडकवतात, बारीक झालेला बेल्ट वरचा वेग आणि पिकअप दोन्ही खातो. ही गोष्ट कव्हर काढल्या काढल्या, काहीही न खोलता, नुसतं मागच्या पुलीकडे बघून कळते.

आता घसरण्याचं. सगळ्यात खालच्या गिअरला पुढे त्रिज्या साधारण २५, मागे ६१, भागाकार २.४४. वरच्या गिअरला ०.९१ ला किमीमागे ९४ आरपीएम, तर त्याच हिशेबाने २.४४ ला २५० च्या आसपास. ही मर्यादा. याच्यावर आकडा जाऊच शकत नाही, भूमितीच परवानगी देत नाही, आणि आपला बेल्ट बारीक असल्याने त्याची मर्यादा तर ह्याच्याही खाली. घाटात मिळालेला आकडा होता २७९. म्हणजे तिथे काहीतरी निसटत होतं, शंभर टक्के.

निसटणारी दोनच ठिकाणं: बेल्ट किंवा क्लच. क्लचच्या बेलची आतली बाजू बघितली, निळसर डाग नाहीत, शूवर जाडी भरपूर, चकाकी नाही. क्लच घसरत असेल तर बेल जळून निळी पडते आणि गाडी निघताना, १०-१५ च्या वेगाला थरथरते. ताईची गाडी निघताना गुळगुळीत निघते. बेल्टच्या कडा मात्र आरशासारख्या चमकत होत्या, नव्या बेल्टची कड मखमलीसारखी मंद असते आणि बोटाला किंचित अडते. पुढच्या पुलीवर दांड्याजवळ, जिथे खालच्या गिअरला बेल्ट बसतो, तिथे काळं रबर लेपलेलं. ती जागा घसरण्याचीच आहे: तिथे बेल्ट सगळ्यात लहान वर्तुळावर वळतो, गुंडाळलेला भाग कमी, आणि घाटात सगळ्यात मोठा जोर तिथेच येतो. बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी पण बघितलं, बारीक भेगा, दोन-तीन जागी खोल. ह्या भेगा खोल असतील तर मोजमाप कितीही चांगलं येऊ दे, बेल्ट फेकायचा.

१९ नोव्हेंबर

फक्त जुना झाला म्हणून एवढा चकचकीत का, हे मला खटकत होतं. रॅम्प पुसताना उत्तर मिळालं: खोबण्यांत काळं चिकट ग्रीस. मागे कधीतरी कोणीतरी आवाज घालवायला भरलेलं. ह्या गाडीतल्यासारखा उघडा व्हेरिएटर कोरडाच चालवायचा असतो. ग्रीसला धूळ चिकटते आणि त्याचं पॉलिशिंग पेस्ट होतं, नायलॉन आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं, आणि गरम झालं की बाहेर फेकलं जाऊन बेल्टच्या कडेला लागतं. काही मॉडेलमध्ये व्हेरिएटर ओ-रिंगने बंद केलेला असतो आणि तिथे कंपनीच ग्रीस सांगते, त्यामुळे आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा, पण उघड्या व्हेरिएटरमध्ये ग्रीस नाही म्हणजे नाही.

बेल्टला तेल लागायचे आणखी दोन रस्ते तपासले. क्रँकचं ऑइल सील पुढच्या पुलीमागे असतं, ते कोरडं. मागच्या पुलीच्या टॉर्क कॅमवर ग्रीस लागतंच, पण ते आत ठेवायला ओ-रिंग असतात, त्या कडक झाल्या की ग्रीस तबकावर येतं. इथे किंचित ओलसर वाटलं, म्हणून ओ-रिंग बदलल्या. नवा बेल्ट टाकायच्या आधी हे बघितलं नाही तर तोही महिनाभरात घसरायला लागतो आणि लोक बेल्टच्या ब्रँडला दोष देतात.

रॅम्प: नख फिरवून बघायचं. मधल्या भागात नख अडकलं, स्पष्ट पायरी आहे. एवढी पायरी असलेल्या रॅम्पमध्ये नवे रोलर टाकले तर ते त्या खाचेत अडकतात, बाहेर यायला वेळ लावतात आणि मग एकदम उडी मारतात, चालवताना ३५-४० ला गाडी अडकून धक्क्याने सुटल्यासारखी वाटते. नवेही लवकर चपटे होतात. म्हणून नुसते रोलर न घेता सरकतं तबक पण नवं घेतलं. पत्र्याच्या कडेचे तीन प्लॅस्टिकचे गाईड पण झिजून सैल झाले होते. उभ्या गाडीत आयडलला डाव्या बाजूने जी खडखड येते आणि थ्रॉटल दिला की जाते, ती बहुतेक वेळा ह्याच गाईडची आणि सैल रोलरची असते. ते स्वस्त असतात, सोबत बदलून टाकायचे.

२३ नोव्हेंबर

जोडणी. तबकं ब्रेक क्लीनरने धुतली आणि नंतर बोट लावलं नाही. नवे रोलर आधी काट्यावर ठेवून बघितले, सहाही एकमेकांच्या ०.१ ग्रॅमच्या आत. वजन जुन्याएवढंच ठेवलं. हलके टाकले की पिकअप वाढतो असं सांगतात, आणि आरपीएम चढा राहत असल्याने थोडा वाढतोही, पण घाटात रोज तेवढं जास्त फिरणारं इंजिन आणि पेट्रोल ताईला परवडणारं नाही. रोलर सगळे एकाच दिशेने बसवले, काढायच्या आधी फोटो काढलेला होता. बेल्टवर बाण असतो, तो पुढे जाणाऱ्या चाकाच्या फिरण्याच्या दिशेला.

एक पायरी मात्र सांभाळून. मागची पुली हाताने जोर लावून उघडायची आणि बेल्ट तिच्यात खोल ढकलायचा, म्हणजे पुढे बेल्ट सैल पडतो. मगच पुढचं बाहेरचं तबक चढवायचं. बेल्ट ताठ असताना नट आवळला तर बेल्ट तबकांच्या मधे चिमटतो, नट घट्ट झाल्यासारखा लागतो पण तबक आतल्या बुशला टेकलेलंच नसतं, आणि गाडी सुरू होऊन बेल्ट जागेवर आला की तोच नट सैल. मग तबकाचे आतले दाते आणि क्रँकचे दाते दोन्ही जातात, आणि क्रँक गेला म्हणजे इंजिन उघडणं आलं. नट हाताने फिरवताना बेल्ट बोटाने हलतो का ते बघत बघत आवळायचा, शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने. मग चाक हाताने फिरवून बेल्ट वर येऊ द्यायचा. फोम धुवून, पूर्ण वाळवून लावला.

२४ नोव्हेंबर

तोच रस्ता, तोच मीटर. स्थिर ५० ला ४७५०. किमीमागे ९५. मार्करची रेघ परत मारली होती, कडेला मिलीमीटरच्या आसपास उरलीय. जीपीएसवर ७९ पर्यंत सहज गेली. घाटात त्याच वळणावर, ताई मागे, फुल थ्रॉटल: वेग २८, आरपीएम ६४००, म्हणजे किमीमागे २२९. मर्यादेच्या आत. वर जाऊन वास घेतला, काही नाही. ताई म्हणाली, "आवाजच वेगळा येतोय रे," आणि ते खरं आहे, वेगाबरोबर आवाज चढायला लागलाय.

नव्या बेल्टच्या कडा बसायला वेळ लागतो, सुरुवातीचे काही दिवस फुल थ्रॉटल आणि डबल सीट घाट टाळायला सांगितलंय, आजची चाचणी तेवढी सोडून.

२२ डिसेंबर

सुमारे ९०० किमी झाले, पाहणीसाठी कव्हर काढलं. धूळ आहे पण पातळ थर, राखाडी. बेल्टची रुंदी १८.३, कडा मंद, चकाकी नाही. मागच्या पुलीत पाठ कडेच्या बरोबरीने. रोलर काढून फिरवून मोजले, फरक व्हर्नियरला दिसत नाही, पण प्रत्येकावर एक अरुंद चमकती रेघ आलीय, म्हणजे बसायची जागा ठरायला लागली. हे होणारच, घासत सरकणं काही थांबत नाही.

पुढचं ठरवलंय: दर ४,००० किमीला फोम धुणे आणि ८,००० ला कव्हर काढून बेल्टची रुंदी आणि रोलरचा व्यास मोजणे. ह्या वर्गातल्या गाड्यांना बेल्ट साधारण २० ते २५ हजाराला बदलायला सांगतात, पण रोज घाट चढणाऱ्या गाडीला मी तो आकडा पाळणार नाही, रुंदी मॅन्युअलच्या मर्यादेला आली की बदलणार, मग १५ हजार झालेले असोत की २२. आरपीएम मीटर तसाच सीटखाली ठेवलाय. मधल्या काळात शंका आली तर कव्हर काढायची पण गरज नाही, सपाटीवर स्थिर ५० ला किमीमागचा आकडा बघायचा: ९५ चे १०० झाले तर मोजायची वेळ आली, १०५ च्या पुढे गेला तर पार्ट मागवायचे.